क्रोमियम व तांबे यांचे अपवादात्मक इलेक्ट्रॉन संरूपण

क्रोमियम (अणुअंक २४) आणि तांबे (अणुअंक २९) या दोन संक्रामक मूलद्रव्यांच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉनांची मांडणी नेहमीच्या भरणक्रमानुसार आढळत नाही. त्या क्रमाप्रमाणे क्रोमियमचे संरूपण [Ar] 3d⁴ 4s² आणि तांब्याचे [Ar] 3d⁹ 4s² असावयास हवे. प्रत्यक्षात मोकळ्या अणूच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेत ती अनुक्रमे [Ar] 3d⁵ 4s¹ आणि [Ar] 3d¹⁰ 4s¹ अशी असतात. दोन्ही ठिकाणी 4s मधील एक इलेक्ट्रॉन 3d मध्ये गेलेला असतो.

शालेय पुस्तकांत याचे कारण ‘अर्धे भरलेले व पूर्ण भरलेले उपकवच अधिक स्थिर असते’ या एका वाक्यात दिले जाते. हे वाक्य लक्षात ठेवण्यास सोपे असले तरी अपुरे आहे. 3d व 4s या कक्षकांतील ऊर्जेचे अंतर लहान असणे आणि समांतर स्पिन असलेल्या इलेक्ट्रॉनांना मिळणारी विनिमय ऊर्जा, या दोन गोष्टींच्या बेरीज-वजाबाकीतून हे अपवाद निर्माण होतात. या दोन घटकांचा वाटा दोन्ही मूलद्रव्यांत सारखा नाही. क्रोमियममध्ये विनिमय ऊर्जा निर्णायक ठरते, तर तांब्यामध्ये 3d कक्षकाची ऊर्जा बरीच खाली उतरलेली असणे हे मुख्य कारण आहे.

## अपेक्षित भरणक्रम

अणूतील इलेक्ट्रॉन ज्या अवस्थांत राहतात त्यांना कक्षक किंवा ऑर्बिटल म्हणतात. कोणता कक्षक आधी भरतो हे सांगणारा सर्वपरिचित नियम एर्विन माडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९३६ साली मांडला. ज्या कक्षकासाठी n + l ही बेरीज लहान तो आधी भरतो आणि बेरीज सारखी असल्यास ज्याचा n लहान तो आधी भरतो, असे हा नियम सांगतो. 4s साठी ही बेरीज ४ + ० = ४ येते आणि 3d साठी ३ + २ = ५ येते. म्हणून पोटॅशियम व कॅल्शियम यांत 4s भरतो आणि स्कँडियमपासून 3d भरू लागतो.

एका कक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात व त्यांचे स्पिन परस्परविरुद्ध असावे लागतात. हे वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली मांडलेल्या विवर्जन तत्त्वाचे फलित आहे. 3d उपकवचात पाच कक्षक असल्याने त्यात दहा इलेक्ट्रॉन मावतात. समान ऊर्जेच्या कक्षकांत इलेक्ट्रॉन आधी एकेकटे व समांतर स्पिनने बसतात, हे हुंड यांच्या नियमावरून कळते.

माडेलुंग यांचा नियम हा निसर्गाचा मूलभूत कायदा नाही. तो निरीक्षणांचा उपयुक्त सारांश आहे. अणूची अवस्था एकेका कक्षकाच्या ऊर्जेवरून ठरत नाही, तर सर्व इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित ऊर्जेवरून ठरते. ही एकूण ऊर्जा ज्या मांडणीत सर्वांत कमी येते तीच मांडणी अणू स्वीकारतो. दोन मांडण्यांच्या ऊर्जांत मोठे अंतर असेल तेथे नियम बिनचूक लागू पडतो. अंतर लहान असेल तेथे तो चुकू शकतो.

## 3d आणि 4s यांमधील अंतर

‘4s ची ऊर्जा 3d पेक्षा कमी असते’ हे विधान पोटॅशियम व कॅल्शियम यांपुरते खरे आहे. पुढच्याच मूलद्रव्यात परिस्थिती पालटते. स्कँडियममधून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर उरणाऱ्या Sc²⁺ आयनात आर्गॉनसदृश गाभ्याबाहेर एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो 3d मध्ये असतो. त्याला 4s मध्ये न्यावयाचे असेल तर सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा द्यावी लागते. म्हणजेच येथे 3d खाली आणि 4s वर आहे.

असे असूनही उदासीन स्कँडियममध्ये 4s मध्ये दोन इलेक्ट्रॉन असतात. याचे कारण दोन कक्षकांच्या आकारात सापडते. 3d कक्षक आटोपशीर असून केंद्रकाच्या जवळ असतो. 4s कक्षक विस्तीर्ण असून त्याचा बराचसा भाग अणूच्या बाहेरच्या अंगाला पसरलेला असतो. लहान जागेत दोन इलेक्ट्रॉन कोंडले गेले तर त्यांच्यातील विद्युत प्रतिकर्षण तीव्र होते, तर प्रशस्त जागेत ते सौम्य राहते. त्यामुळे 3d–3d प्रतिकर्षण सर्वांत अधिक, 3d–4s त्याहून कमी आणि 4s–4s सर्वांत कमी असते. 3d मध्ये जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाला केंद्रकाचे आकर्षण अधिक मिळते, पण आधीच तेथे असलेल्या इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षणही सोसावे लागते. हा जमाखर्च जवळजवळ समसमान सुटतो, म्हणून 3dⁿ 4s² आणि 3dⁿ⁺¹ 4s¹ या दोन मांडण्यांच्या एकूण ऊर्जा एकमेकींच्या अगदी निकट येतात.

स्कँडियमकडून जस्ताकडे जाताना केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढत जातो. त्याबरोबर वाढणारे 3d इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकापासून पुरेसे झाकू शकत नाहीत. परिणामी 3d कक्षक झपाट्याने खाली उतरतो. बाहेर पसरलेल्या 4s ची ऊर्जा मात्र त्या मानाने संथपणे घटते. 3d ची ही उतरण क्रोमियमपेक्षा तांब्याच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे.

## विनिमय ऊर्जा

पाउली यांच्या तत्त्वाचा एक परिणाम असा की, समांतर स्पिन असलेले दोन इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी येऊ शकत नाहीत व आपोआपच परस्परांपासून दूर राहतात. विरुद्ध स्पिनच्या इलेक्ट्रॉनांवर असे बंधन नसते. दूर राहिल्यामुळे समांतर जोडीतील विद्युत प्रतिकर्षण, हे बंधन नसताना जेवढे झाले असते, त्यापेक्षा कमी होते. प्रतिकर्षणात होणाऱ्या या बचतीलाच विनिमय ऊर्जा म्हणतात. व्हर्नर हायझेनबर्ग यांनी १९२६ साली हेलियमच्या वर्णपटाचा उलगडा करताना ही कल्पना वापरली.

विनिमय हे वेगळे बल नाही, ती नेहमीच्याच विद्युत प्रतिकर्षणातील सूट आहे. ती समांतर स्पिनच्या प्रत्येक जोडीमागे मिळते. जोडीतील दोन इलेक्ट्रॉन जितक्या एकाच प्रदेशात वावरत असतील तितकी ती मोठी असते. दोन 3d इलेक्ट्रॉन एकाच आटोपशीर प्रदेशात असल्याने त्यांच्यातील विनिमय ऊर्जा मोठी असते. एक 3d आणि एक 4s अशा जोडीची विनिमय ऊर्जा त्यामानाने बरीच लहान असते.

## क्रोमियममधील हिशोब

अपेक्षित मांडणीत, म्हणजे 3d⁴ 4s² मध्ये, चार 3d इलेक्ट्रॉन ऊर्ध्वमुखी स्पिनचे मानावेत. 4s मधील जोडीपैकी एक ऊर्ध्वमुखी आणि दुसरा अधोमुखी असतो. या अधोमुखी इलेक्ट्रॉनाला बाह्य इलेक्ट्रॉनांत एकही समांतर सोबती नाही, म्हणून त्याला विनिमय ऊर्जेचा काहीच लाभ मिळत नाही.

हा इलेक्ट्रॉन आपला स्पिन उलटवून रिकाम्या असलेल्या पाचव्या 3d कक्षकात गेला, तर त्याला चार 3d आणि एक 4s असे पाच समांतर सोबती एकदम मिळतात. समांतर जोड्यांची एकूण संख्या दहावरून पंधरावर जाते. नव्या पाच जोड्यांपैकी चार 3d–3d प्रकारच्या, म्हणजे अधिक लाभाच्या असतात. शिवाय 4s मध्ये दोन इलेक्ट्रॉन एकत्र राहण्यामुळे होणारे प्रतिकर्षणही नाहीसे होते. दुसऱ्या बाजूस त्याला आटोपशीर 3d प्रदेशात चार इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण सोसावे लागते. या सर्वांची वजाबाकी केल्यावर 3d⁵ 4s¹ ही मांडणी सरस ठरते. मोजमापानुसार अपेक्षित 3d⁴ 4s² मांडणीची सर्वांत खालची पातळी प्रत्यक्ष किमान अवस्थेच्या ०.९६ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे.

विनिमयाचा वाटा किती हे क्रोमियमच्या वर्णपटातून जवळजवळ थेट वाचता येते. 3d⁵ 4s¹ याच मांडणीत 4s मधील इलेक्ट्रॉनाचा स्पिन पाच 3d इलेक्ट्रॉनांना समांतर असू शकतो किंवा विरुद्धही असू शकतो. कक्षक तेच, त्यांतील इलेक्ट्रॉनांची संख्याही तीच, फरक केवळ स्पिनच्या जुळणीचा. समांतर अवस्था ही क्रोमियमची किमान अवस्था होय. विरुद्ध अवस्था तिच्यापेक्षा ०.९४ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आढळते. हा संपूर्ण फरक 3d–4s विनिमयातून येतो.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. विरुद्ध स्पिनची 3d⁵ 4s¹ अवस्था ०.९४ वर आहे आणि अपेक्षित 3d⁴ 4s² अवस्था ०.९६ वर आहे. 3d इलेक्ट्रॉनांमधील मोठा विनिमय लाभ जमेस धरूनही, 4s चा स्पिन विरुद्ध असल्यास दोन्ही मांडण्या जवळजवळ बरोबरीत येतात. पारडे स्पष्टपणे झुकते ते 4s मध्ये उरलेला एकाकी इलेक्ट्रॉनही त्या पाचांना समांतर झाल्यावर. क्रोमियमच्या स्थैर्याचे श्रेय केवळ ‘अर्ध्या भरलेल्या 3d’ ला देता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. सहा समांतर इलेक्ट्रॉनांचा संपूर्ण संच येथे लक्षात घ्यावा लागतो.

## संपूर्ण श्रेणीतील तुलना

क्रोमियम व तांबे हे सुटे अपवाद नसून एका सलग चढउताराची टोके आहेत. पुढील सारणीत 3dⁿ 4s² या मांडणीतून 3dⁿ⁺¹ 4s¹ या मांडणीत जाण्यासाठी लागणारी ऊर्जा दिली आहे. दोन्ही मांडण्यांच्या सर्वांत खालच्या पातळ्यांमधील हे अंतर आहे. ऋण चिन्ह असल्यास दुसरी मांडणीच खाली आहे असे समजावे. शेवटच्या स्तंभात स्थलांतर करणाऱ्या इलेक्ट्रॉनाचे आधीचे व नंतरचे समांतर सोबती दाखविले आहेत.

| मूलद्रव्य | नियमानुसार मांडणी | ऊर्जेचे अंतर (इलेक्ट्रॉन व्होल्ट) | समांतर सोबती |
|---|---|---|---|
| स्कँडियम | 3d¹ 4s² | १.४३ | ० → २ |
| टायटॅनियम | 3d² 4s² | ०.८१ | ० → ३ |
| व्हॅनेडियम | 3d³ 4s² | ०.२६ | ० → ४ |
| क्रोमियम | 3d⁴ 4s² | −०.९६ | ० → ५ |
| मँगॅनीज | 3d⁵ 4s² | २.११ | ० → ० |
| लोह | 3d⁶ 4s² | ०.८६ | १ → १ |
| कोबाल्ट | 3d⁷ 4s² | ०.४३ | २ → २ |
| निकेल | 3d⁸ 4s² | ०.०३ | ३ → ३ |
| तांबे | 3d⁹ 4s² | −१.३९ | ४ → ४ |

सारणीत दोन उतरणी दिसतात. पहिली स्कँडियमपासून क्रोमियमपर्यंत आणि दुसरी मँगॅनीजपासून तांब्यापर्यंत जाते. दोन्ही उतरणी शेवटी शून्याच्या खाली जातात आणि नेमके तेथेच अपवाद आढळतात.

दोन उतरणींच्या मधोमध क्रोमियमपासून मँगॅनीजपर्यंत ३ इलेक्ट्रॉन व्होल्टांहून मोठी उडी आहे. विनिमय ऊर्जेचे महत्त्व या उडीवरून समजते. मँगॅनीजमध्ये पाचही 3d कक्षकांत एकेक ऊर्ध्वमुखी इलेक्ट्रॉन आधीच बसलेला असतो. तेथे येणाऱ्या सहाव्या इलेक्ट्रॉनाला अधोमुखीच राहावे लागते. त्याला 3d मध्ये एकही समांतर सोबती मिळत नाही, पण पाच जणांचे प्रतिकर्षण मात्र सोसावे लागते. केंद्रकातील प्रोटॉनांची संख्या केवळ एकाने वाढलेली असताना हे अंतर एवढे पालटते, याचे कारण विनिमय लाभ अचानक बंद होतो हेच आहे.

सोबत्यांची ही मोजणी स्थूल हिशोब आहे. पाच 3d कक्षकांच्या निरनिराळ्या जोड्यांतील प्रतिकर्षण व विनिमय सारखे नसतात, त्यामुळे उतरणीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या पडत नाहीत. एकूण कल मात्र या मोजणीतून योग्य रीतीने कळतो.

## तांब्यामधील हिशोब

3d⁹ 4s² या मांडणीत 3d मध्ये पाच ऊर्ध्वमुखी व चार अधोमुखी इलेक्ट्रॉन असतात. 4s मधील अधोमुखी इलेक्ट्रॉनाला चार समांतर सोबती आधीपासूनच आहेत. तो 3d मधील रिकामी जागा घेतो तेव्हाही त्याचे समांतर सोबती चारच राहतात. संपूर्ण अणूचा विचार केला तरी 3d व 4s मधील समांतर जोड्यांची संख्या स्थलांतरापूर्वी पंचवीस आणि स्थलांतरानंतरही पंचवीसच भरते.

म्हणून क्रोमियमचे स्पष्टीकरण जसेच्या तसे तांब्याला लावता येत नाही. येथे जोड्या वाढत नाहीत, फक्त त्यांचा प्रकार बदलतो. लहान लाभाच्या चार 3d–4s जोड्यांच्या जागी मोठ्या लाभाच्या चार 3d–3d जोड्या येतात. हा लाभ खरा आहे, पण असाच बदल कोबाल्टमध्ये दोन व निकेलमध्ये तीन जोड्यांच्या बाबतीत होतो आणि तरीही ती दोन मूलद्रव्ये नियम मोडत नाहीत.

तांब्यामध्ये मुख्य भूमिका 3d च्या उतरत्या ऊर्जेची असते. केंद्रकात २९ प्रोटॉन झालेले असताना 3d इलेक्ट्रॉनाला जाणवणारे आकर्षण एवढे वाढलेले असते की, नऊ इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण सोसूनही दहाव्याला तेथे जाणे फायद्याचे ठरते. पुढच्या जस्तात ही प्रक्रिया आणखी पुढे गेलेली दिसते. जस्ताच्या अणूतून 4s इलेक्ट्रॉन काढण्यास ९.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, तर 3d इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे १७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागते. तेथे 3d हे जणू गाभ्याचाच भाग बनलेले असते. तांबे या वाटेवरील आदला थांबा आहे.

## वर्णपटातील पुरावा

एखाद्या अणूची किमान अवस्था कोणती हे वर्णपटावरून निश्चित करता येते. थंड वाफेतील अणू किमान अवस्थेत असतात, त्यामुळे ती वाफ ज्या रेषांचा प्रकाश शोषून घेते त्या रेषा किमान अवस्थेपासून निघालेल्या असतात.

तांब्याची वाफ ३२४.७५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश तीव्रतेने शोषते. या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा ३.८२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ती घेऊन 4s इलेक्ट्रॉन 4p मध्ये जातो. याच उत्तेजित अवस्थेतून अणू ५१०.६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देऊनही खाली येऊ शकतो. त्या प्रकाशकणाची ऊर्जा २.४३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. ही दुसरी उडी किमान अवस्थेपर्यंत पोहोचत नाही. ती ३.८२ − २.४३ = १.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंचीवर थांबते. ही पातळी म्हणजेच भरणक्रमाने सांगितलेली 3d⁹ 4s² ही मांडणी होय.

तांब्याच्या वाफेवर चालणाऱ्या लेसरमध्ये हाच ५१०.६ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि त्याच्या जोडीला ५७८.२ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश मिळतो. दोन्ही रेषा 3d⁹ 4s² च्या दोन निकटच्या पातळ्यांवर संपतात. पाठ्यपुस्तकी नियमाने जी अवस्था तांब्याची सामान्य अवस्था मानली असती, ती या लेसरमध्ये उत्तेजित अवस्था म्हणून कार्य करते. तेथून अणू सहजासहजी खाली उतरत नाहीत. त्या पातळ्या लवकर भरून जातात आणि म्हणून हा लेसर अखंड न चालता स्पंदांच्या स्वरूपात चालतो.

## ‘अर्धपूर्ण व पूर्ण उपकवच’ या स्पष्टीकरणाच्या मर्यादा

उपकवच अर्धे किंवा पूर्ण भरणे हेच स्थैर्याचे कारण असते, तर ते सर्वत्र दिसावयास हवे होते. पुढील उदाहरणांत तसे दिसत नाही.

*निकेल* – निकेलमध्ये गाभ्याबाहेर दहा इलेक्ट्रॉन असतात. ते सर्व 3d मध्ये बसले तर 3d¹⁰ हे पूर्ण भरलेले उपकवच तयार होईल. प्रत्यक्षात ही मांडणी निकेलच्या किमान अवस्थेच्या सुमारे १.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आढळते. आवर्तसारणीत निकेलच्या खाली असलेल्या पॅलेडियममध्ये मात्र 4d¹⁰ हीच किमान अवस्था आहे. भरलेले उपकवच दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे हा भेद त्यावरून स्पष्ट होत नाही. 4d कक्षक 3d पेक्षा मोठा असून त्यात दाटीवाटीचे प्रतिकर्षण कमी होते, हे लक्षात घेतल्यास तो स्पष्ट होतो.

*टंगस्टन* – क्रोमियमच्या गटात खाली मॉलिब्डेनम व त्याखाली टंगस्टन येते. मॉलिब्डेनमचे संरूपण 4d⁵ 5s¹ असे क्रोमियमसारखेच आहे. टंगस्टनचे मात्र 5d⁴ 6s² असे आहे. जड केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग फार मोठा असतो व सापेक्षतेच्या परिणामांमुळे 6s कक्षक खाली खेचला जातो. त्यामुळे विनिमयाचा लाभ तेवढाच आकर्षक असला तरी 6s मधून इलेक्ट्रॉन बाहेर काढणे परवडत नाही. 5d⁵ 6s¹ ही मांडणी ०.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर राहते.

*कार्बन* – कार्बनचे संरूपण 2s² 2p² आहे. एक 2s इलेक्ट्रॉन 2p मध्ये गेल्यास 2s¹ 2p³ असे अर्धे भरलेले 2p उपकवच मिळेल व चार समांतर इलेक्ट्रॉनांचा विनिमय लाभही होईल. तरीही ही अवस्था ४.१८ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे, कारण 2s व 2p यांमधील अंतर मोठे आहे. विनिमय ऊर्जा अंतर पार करून देऊ शकते, पण ते अंतर मुळात लहान असावे लागते.

## रासायनिक व भौतिक परिणाम

वरील अपवादांचा परिणाम आयनीभवन ऊर्जेत दिसतो. एकाच ओळीत उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा सामान्यतः वाढते. दुसऱ्या इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत मात्र क्रोमियमसाठी १६.४९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि पुढच्या मँगॅनीजसाठी १५.६४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. तांब्यासाठी हा आकडा २०.२९ आहे आणि जस्तासाठी १७.९६ आहे. क्रोमियम व तांबे यांचा एकुलता 4s इलेक्ट्रॉन पहिल्याच वेळी निघून जातो, म्हणून दुसरा इलेक्ट्रॉन 3d मधून काढावा लागतो. मँगॅनीज व जस्त यांत तो 4s मधून निघतो.

क्रोमियमच्या सहा समांतर इलेक्ट्रॉनांमुळे त्याच्या मोकळ्या अणूचे चुंबकीय परिबल सहा बोर मॅग्नेटॉन इतके मोठे असते. या गुणामुळेच २००५ साली जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठात टिलमान फाउ यांच्या गटाने क्रोमियम अणूंचे बोस–आइनस्टाइन संघनन घडवून आणले, तेव्हा अणूंमधील चुंबकीय आकर्षण-प्रतिकर्षणाचा परिणाम त्या संघननाच्या आकारावर पाहता आला.

हे संरूपण वायुरूप, एकाकी अणूचे आहे हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. धातूच्या स्फटिकात किंवा संयुगात शेजारच्या अणूंशी होणाऱ्या बंधांची ऊर्जा वरील अंतरांपेक्षा कितीतरी अधिक असते आणि तेथे हा बारीक हिशोब मागे पडतो. तांब्याचे 3d¹⁰ संरूपण ‘स्थिर’ असल्याने Cu⁺ हाच त्याचा नेहमीचा आयन असावा, असा तर्क विद्यार्थी अनेकदा करतात. पाण्याच्या द्रावणात मात्र Cu⁺ टिकत नाही. त्याचे तांब्याचा धातू आणि Cu²⁺ यांत रूपांतर होते. Cu²⁺ भोवती पाण्याचे रेणू अधिक घट्टपणे गोळा होतात व त्यातून मुक्त होणारी ऊर्जा 3d मधून आणखी एक इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्च भरून काढते. मोरचुदाचा निळा रंग हा अशा 3d⁹ संरूपण असलेल्या आयनाचा रंग आहे. त्याचप्रमाणे क्रोमियमचा सर्वांत सामान्य आयन 3d⁵ चा Cr⁺ नसून 3d³ चा Cr³⁺ हा आहे.